पंपाचे लांबलचक मॅन्युअल मराठीत आणताना: ट्रान्सलेशन मेमरी आधी की संज्ञासूची?

समजा, दोनशे पानांचे पंपाचे मॅन्युअल मराठीत न्यायचे आहे, काम दोघा-तिघांत वाटलेले आहे आणि तयारीला वेळ थोडाच आहे. तो वेळ मेमरीवर खर्च करायचा की संज्ञासूचीवर? मॅन्युअल पहिल्यांदाच मराठीत येत असेल, तर आधी सूची करा. मागच्या आवृत्तीचा तपासलेला मराठी अनुवाद हाताशी असेल, तर आधी मेमरी घ्या. दोन्ही असले तर उत्तमच, पण एकाचे काम दुसऱ्याकडून होत नाही.

मेमरीचे एकक वाक्य आहे. मूळ वाक्य आणि त्याचा अनुवाद अशी जोडी ती साठवते. पुढे तेच किंवा तसेच वाक्य आले की जुना अनुवाद समोर ठेवते आणि किती टक्के जुळले ते सांगते. सूचीचे एकक संज्ञा आहे. वाक्य अगदी नवे असले तरी त्यातल्या भागाचे ठरलेले नाव ती दाखवते. मॅन्युअलमध्ये भागाचे एकच नाव शेकडो वेगवेगळ्या वाक्यांत येते आणि त्यांतली बरीच वाक्ये एकमेकांशी जुळत नाहीत. म्हणून शब्दांचा एकसारखेपणा मेमरीच्या भरवशावर सोडता येत नाही. पहिल्या प्रकरणात ‘व्हॉल्व्ह’ आणि चौथ्यात ‘झडप’ लिहिले गेले असेल, तर मेमरी दोन्ही तितक्याच निष्ठेने जपते आणि पुढे दोन्ही पसरवते.

एक जोडी जवळून पाहू.

```
Close the suction valve before opening the pump casing.
Close the discharge valve before opening the pump casing.
```

नऊ शब्दांपैकी एकच वेगळा आहे, म्हणजे जुळणी नव्वद टक्क्यांच्या आसपास. (प्रत्येक साधनाची मोजण्याची रीत थोडी वेगळी असते.) दुसऱ्या वाक्यावर मेमरी सुचवते: ‘पंपाचे आवरण उघडण्यापूर्वी शोषण झडप बंद करा.’ मराठी निर्दोष आहे, फक्त झडप चुकीची आहे. आवरण उघडणाऱ्या माणसासाठी ही चूक धोक्याची ठरते, आणि वाक्य वाचायला इतके सरळ आहे की घाईत ती नजरेतून निसटते. सूची भरलेली असेल तर त्याच वेळी बाजूला ‘निर्गम झडप’ दिसते आणि तफावत लगेच लक्षात येते. ‘करा’ आणि ‘करू नका’, किंवा दोन वेगळे आकडे एवढाच फरक असलेल्या वाक्यांनाही असेच भरघोस टक्के मिळतात. सूची तिथे मदत करत नाही. ती वाक्ये माणसानेच शब्दन् शब्द वाचायला हवीत.

पहिल्यांदा होणाऱ्या अनुवादात सूची आधी का, याचे मोठे कारण मराठीच्या व्याकरणात आहे. अर्धे काम झाल्यावर ‘व्हॉल्व्ह’ऐवजी ‘झडप’ वापरायचे ठरले, तर शोधा-बदला करून सुटका होत नाही. ‘व्हॉल्व्हचा दांडा’ बदलून ‘झडपचा दांडा’ होतो, हवा असतो ‘झडपेचा दांडा’. शिवाय लिंग बदलते. ‘व्हॉल्व्ह पूर्ण उघडा ठेवा’ याचे ‘झडप पूर्ण उघडी ठेवा’ व्हायला हवे, पण ‘व्हॉल्व्ह पूर्ण उघडा’ ही आज्ञा असल्यामुळे तिथला ‘उघडा’ तसाच राहतो. यातला फरक यंत्राला कळत नाही, म्हणजे प्रत्येक वाक्य हाताने दुरुस्त करायचे आणि मेमरीतली जोडीही. एवढे काम नंतर उपसण्यापेक्षा संज्ञा आधी ठरवणे कितीतरी स्वस्त पडते.

म्हणूनच मराठीची सूची दोन रकान्यांत भागत नाही. लिंग आणि सामान्यरूप शेजारी हवेच. ‘ओमेगाटी’ या मोफत साधनात प्रकल्पाच्या `glossary` फोल्डरमध्ये यूटीएफ-८ मजकुराची `.txt` फाइल ठेवायची. रकाने टॅबने वेगळे: मूळ संज्ञा, मराठी संज्ञा, टिपण.

```
suction valve	शोषण झडप	स्त्री., झडपेचा; व्हॉल्व्ह नको
discharge valve	निर्गम झडप	स्त्री., झडपेचा; व्हॉल्व्ह नको
fan	पंखा	पु., पंख्याचा
vane	पाते	नपुं., पात्याचा
```

कोणता शब्द वापरायचा नाही, हेही टिपणात लिहा. तीन अनुवादकांपैकी एकाला जुनी सवय असतेच.

संज्ञा गोळा करायला अख्खे मॅन्युअल वाचावे लागत नाही. सुट्या भागांची यादी, आकृत्यांवरची नावे, धोक्याच्या सूचना आणि पॅनेलवरच्या बटणांची नावे एवढ्यातून बहुतेक संज्ञा मिळतात. शंभर-दीडशे नोंदी पुष्कळ झाल्या. साधी क्रियापदे सूचीत घालू नका, नाहीतर दर वाक्याशेजारी दहा सूचना उभ्या राहतात आणि अनुवादक तिकडे बघणेच सोडतो. एकाच मूळ शब्दाने दोन वस्तू दाखवल्या असतील, उदाहरणार्थ कुलपाची किल्ली आणि शाफ्टमधली चावी, तर दोन नोंदी करा आणि टिपणात आकृतीचा क्रमांक द्या.

शेवटच्या तपासणीत सूची कुठे तोकडी पडते, तेही निवड करणाऱ्याला माहीत हवे. अक्षरे तंतोतंत जुळवणारी तपासणी ‘झडपेचा’मध्ये ‘झडप’ शोधून काढते, कारण मूळ अक्षरे तशीच राहतात. पण ‘पंख्याचा’मध्ये ‘पंखा’ सापडत नाही आणि ‘पात्याला’मध्ये ‘पाते’ सापडत नाही. मग बरोबर वाक्यांवरही चूक दाखवली जाते. अशा आकारान्त पुल्लिंगी आणि एकारान्त नपुंसकलिंगी शब्दांसाठी ‘पंख्या’, ‘पात्या’ ही रूपे वेगळी शोधावी लागतात. टंकलेखनाचाही घोळ असतो. ‘ॲ’ हे एकच चिन्ह असू शकते किंवा ‘अ’वर चंद्र देऊन केलेले असू शकते. ‘ऱ्य’सुद्धा दोन तऱ्हांनी टाइप होतो. पडद्यावर फरक दिसत नाही, पण शोध आणि मेमरी दोन्ही त्यांना वेगळे शब्द मानतात. सगळ्यांनी एकच कीबोर्ड मांडणी वापरायची, हे पहिल्या दिवशीच ठरवून टाका.

मेमरीचे पारडे जड होते ते पुढच्या आवृत्तीच्या वेळी. न बदललेली वाक्ये जशीच्या तशी उतरतात आणि वेळ खरोखर वाचतो. त्यासाठी काम करतानाच मेमरी सर्वांत सामायिक हवी. ती शेवटी एकत्र केली, तर एकाच वाक्याचे तीन अनुवाद जमा होतात.

आणि जुनी मेमरी कोणाची, किती तपासलेली, हे माहीत नसेल तर ती ओमेगाटीच्या `tm/auto` मध्ये अजिबात टाकू नका. तिथले पूर्ण जुळणारे अनुवाद आपोआप मजकुरात भरले जातात. ती `tm/penalty-20` मध्ये ठेवा. मग तिची शंभर टक्के जुळणी ऐंशीच दिसते, सूचना समोर येत राहते, पण कोणीतरी सूचीशी ताडून पाहिल्याशिवाय मॅन्युअलमध्ये शिरत नाही.