टॅगचा सूर: चढता की उतरता?

दाभोळ-धोपावे फेरीबोटीचं एक वाक्य घेऊ: ‘द फेरी इज लेट, इझन्ट इट?’ इंग्रजी व्याकरणाच्या पेपरात इथे टॅग, म्हणजे विधानाच्या शेवटी जोडलेला ‘इझन्ट इट’ हा छोटा प्रश्न, एकच. विधान होकारी म्हणून टॅग नकारी, सहाय्यकारी क्रियापद तेच, कर्त्याच्या जागी सर्वनाम. सूर कागदावर उमटत नाही, म्हणून त्याला गुणही नाहीत.

तोंडी परीक्षेत मात्र याच टॅगचे दोन अर्थ होतात. ‘इझन्ट’वर सूर उतरवला, तर बोलणाऱ्याला उशीर ठाऊक आहे, धक्क्यावर दोघेही ताटकळलेत आणि त्याला फक्त दुजोरा हवाय. सूर चढवला, तर त्याला नक्की माहीत नाही, तो खरंच विचारतोय. आपली मुलं प्रश्नचिन्ह दिसलं की सूर चढवतात. मे महिन्यात घाम पुसत ‘इट्स हॉट टुडे, इझन्ट इट?’ असं चढवून विचारलं, तर ऐकणारा बुचकळ्यात पडेल. इथे उतरताच सूर हवा.

लहान उत्तरात खरी गडबड होते ती नकारी विधानापाशी. ‘यू डोन्ट ईट फिश, डू यू?’ मासे न खाणारी मुलगी ‘येस, आय डोन्ट’ म्हणते, कारण मराठीत आपण ‘हो, नाही खात’ असं म्हणून समोरच्याच्या बोलण्याला होकार देतो. इंग्रजीत येस-नो वस्तुस्थितीला बांधलेलं असतं: खात नसेल तर ‘नो, आय डोन्ट’, खात असेल तर ‘येस, आय डू’. टॅगचा सूर कुठलाही असो, हे बदलत नाही.