कोल्ड स्टोरेजचं ईआरपी: एक बेदाणा सिझन वापरून झाल्यावर

अथणी भागातलं आमचं कोल्ड स्टोरेज, माल मुख्यतः बेदाणा, १५ किलोच्या पेट्या. मार्च-एप्रिलला सगळी आवक एकदम येते आणि नंतर सांगली-तासगावच्या सौद्याप्रमाणे शेतकरी थोड्या थोड्या पेट्या काढत राहतो. म्हणजे एका लॉटच्या चार-पाच डिलिव्हऱ्या ठरलेल्याच, आणि ह्या सॉफ्टवेअरनं नेमकी तिथंच माती खाल्ली.

आवक नोंद, चेंबर-रॅक, पावती प्रिंट सगळं झकास, त्यावर बोलत नाही. भाड्याचं सांगतो. आमचा नियम असा की महिना धरायचा आवकेच्या तारखेपासून, वर १५ दिवसांपर्यंत अर्धा महिना, पुढं पूर्ण. आता समजा १२ मार्चला ४०० पेट्या आल्या, दर पेटीला महिन्याला १० रुपये. २० एप्रिलला १५० गेल्या, दीड महिना, २२५० रुपये, बरोबर. उरलेल्या २५० गेल्या ५ जूनला. दोन महिने आणि २४ दिवस म्हणजे तीन महिने, ७५०० व्हायला पाहिजेत. बिल आलं ८७५० चं! शेतकऱ्यानं गेटवरच बोटावर मोजून दाखवलं, "अण्णा, हे साडेतीन महिने कुठनं आणलासा?"

शोधलं तर पहिली डिलिव्हरी झाली की हे उरलेल्या मालाचा नवीन सब-लॉट करतंय आणि त्याला २० एप्रिल ही नवी तारीख लावतंय. म्हणजे आधी दीड महिना वर चढवून धरला, मग पुढचे एक महिना १६ दिवस परत चढवून दोन केले. जितक्या वेळा माल काढाल तितक्या वेळा राउंडिंग. एकरकमी माल नेणाऱ्याचं बिल मात्र बरोबर, म्हणून डेमोत कुणाला दिसलं नाही. सपोर्टवाला आधी म्हणाला तुमचा दर चुकीचा भरलाय, मग म्हणाला कस्टमायझेशनचे वेगळे पैसे पडतील. एएमसी कशाची घेता मग? भांडून भांडून शेवटी कळलं की सब-लॉटला मूळ आवक तारीख चालू ठेवायची सेटिंग आतच होती, बाय डिफॉल्ट बंद!

ती चालू केल्यापासून बिलं जुळतायत, त्यामुळं एवढ्यात काढून टाकायचं म्हणत होतो ते थांबवलंय. आणि एक गोष्ट खरंच आवडली. पावतीवर बँकेचं कर्ज असलं की लॉटला होल्ड लागतो, बँकेचं रिलीज लेटर चढवल्याशिवाय गेटपासच निघत नाही. त्यातही अर्धाच माल सोडला असेल तर तेवढ्याच पेट्या निघतात आणि पावतीवर शिल्लक छापून येते. वहीत हे ओळखीपाळखीवर चालायचं.

घेणार असाल तर डेमोत एकच लॉट तीन तुकड्यांत काढायला लावा आणि बिलाची बेरीज हातानं करून बघा. जुन्या जास्तीच्या बिलांच्या क्रेडिट नोट मात्र एकेक करूनच काढाव्या लागतायत, त्याला बल्कची सोय नाही.