क्रोशाच्या बाळसेटची ऑर्डर-कॅप्शन: जून ते जानेवारी वापरल्यानंतर

ज्या मजकुराचा हा अनुभव आहे तो आधी वाचा. ब्लँकेट, टोपी आणि बूटांचा जोड अशा क्रोशे सेटच्या फोटोखाली जूनमध्ये ही कॅप्शन लागली:

"बाळासाठी हाताने विणलेला सेट. सगळे पेस्टल रंग उपलब्ध. नाव विणून मिळेल. ऑर्डर 15 दिवसांत. हाताने धुवा. चौकशीसाठी मेसेज करा."

दिसायला नीटनेटकी आहे. पण आठ महिन्यांत जेवढे गैरसमज झाले, त्यातले बहुतेक 'पेस्टल', '15 दिवस' आणि 'हाताने धुवा' या तीन ठिकाणांहून निघाले. ऑर्डर आणण्यापुरती कॅप्शन चांगली, ऑर्डर निभावायला अपुरी. पाचपैकी अडीच.

रंगांपासून सुरू करू, कारण पहिला मेसेज नेहमी रंगाचाच असतो. पेस्टल म्हटल्यावर एकीच्या डोळ्यांसमोर पिस्ता येतो, दुसरीच्या डोळ्यांसमोर फिकट राणी. रंगाचं नाव मराठीत आणि त्यापुढे लडीवरचा शेड नंबर, असं लिहिल्यावर हा घोळ थांबला. मोतिया, लिंबू, पिस्ता, आकाशी, अबोली आणि फिकट राखाडी, एवढे सहा रंग पुरतात. 'सगळे रंग' लिहिलं की गिऱ्हाईक साडीचा फोटो पाठवून "असाच हवा" म्हणतं, आणि तसा दोरा बाजारात असेलच असं नाही.

फोटो सकाळच्या उजेडात, खिडकीशी पण थेट उन्हात नाही, असा काढावा आणि शेजारी साधा पांढरा कागद ठेवावा. पिवळ्या बल्बखाली मोतिया लिंबू दिसतो. फोनवर डोळ्यांना आराम देणारा पिवळसर मोड चालू असला तरी तेच होतं. कागदही पिवळट दिसला तर पाहणाऱ्याला कळतं की खोट रंगात नाही, उजेडात आहे.

बाळ व्हायच्या आधीच्या ऑर्डरी मोतिया, लिंबू किंवा पिस्त्यातच घ्याव्यात. मुलगा की मुलगी हे आपल्याकडे आधी सांगता येत नाही, 1994 च्या कायद्याने लिंगनिदानाला बंदी आहे. "मुलगा झाला तर आकाशी करून द्या" अशी अट मान्य केली, तर अर्धं ब्लँकेट उसवायची वेळ येते. ज्यांना गुलाबी किंवा आकाशीच हवा, त्यांची फक्त किनार आणि टोपी बाकी ठेवता येते. ब्लँकेटचा मधला भाग मोतिया विणून ठेवायचा. किनारीला एक ओळ मुक्या खांबांची आणि एक शिंपल्यांची धरली, तर ते बाळ झाल्यावर तीन-चार तासांचं काम आहे.

दोन गडद रंगांबद्दल कॅप्शनमध्ये वेगळी ओळ हवीच. लाल सुती दोरा पांढऱ्याला लागून विणला आणि त्यात सुटा रंग उरलेला असला, तर पहिल्याच धुण्यात पांढरे खांब गुलाबी होतात. चाचणी सोपी आहे. दोऱ्याचा वीतभर तुकडा कोमट साबणाच्या पाण्यात भिजवून पांढऱ्या फडक्यात गुंडाळायचा आणि अर्धा तास दाबून ठेवायचा. फडक्यावर डाग उमटला तर तो दोरा पांढऱ्याच्या जोडीला घ्यायचा नाही. मीठ किंवा व्हिनेगर घातल्याने रंग पक्का होतो हा समज चुकीचा आहे. सुटा रंग धुऊनच काढावा लागतो. आणि काळा. एरवी बाळासाठी काळा कुणी मागत नाही, पण डिसेंबर लागला की बोरन्हाणासाठी काळ्या टोपीच्या ऑर्डरी एकदम येतात. काळ्या दोऱ्यात रात्री टाके दिसत नाहीत, काम दिवसाउजेडीच करावं लागतं. म्हणून काळ्याला दिवस जास्त, हे आधीच लिहावं.

एका ब्लँकेटचा सगळा दोरा एकाच वेळी, एकाच लॉटचा घ्यावा हे विणणाऱ्यांना माहीत असतं, पण कॅप्शन लिहिताना ते विसरलं जातं. 75 बाय 90 सेंटीमीटरचं ब्लँकेट 8 प्लाय सुती दोऱ्यात, 4 मिमीच्या सुईने विणलं तर साधारण 450 ते 500 ग्रॅम दोरा लागतो. ऑर्डर दिल्यानंतर गिऱ्हाईक "थोडं मोठं करा" म्हणालं आणि नवी लडी दुसऱ्या लॉटची आली, तर शेवटच्या दहा ओळी वेगळ्या दिसतात. म्हणून 'माप ठरल्यावर वाढवता येत नाही' हे वाक्य उद्धट वाटलं तरी ठेवावं.

आता दिवस. '15 दिवस' या शब्दांची खरी अडचण आकड्यात नव्हती. ते 15 कधीपासून मोजायचे हे लिहिलेलं नव्हतं. गिऱ्हाईक पहिल्या मेसेजपासून मोजतं, विणणारी दोरा हातात आल्यापासून. मधे रंग ठरेना म्हणून गेलेला आठवडा कुणाच्याच हिशेबात नसतो.

एक ऑर्डर तारखांनिशी मांडून पाहू. डॉक्टरांनी दिलेली तारीख 20 ऑगस्ट आहे. ती 40 आठवड्यांची तारीख. पूर्ण दिवसांचं बाळ 37 आठवड्यांपासून, म्हणजे 30 जुलैलाही येऊ शकतं. जन्माचा दिवस धरून 12व्या दिवशी बारसं, म्हणजे लवकरात लवकर 10 ऑगस्ट. पार्सल 8 तारखेला पोचायला हवं, कुरिअरला पाच दिवस धरले तर ते 3 ऑगस्टला निघालं पाहिजे. त्याआधी धुणं, वाळवणं आणि मापाला ताणून बसवणं. मे महिन्यात ब्लँकेट एका दिवसात वाळतं, पावसाळ्यात पंख्याखालीही दोन दिवस ओलसर राहतं, म्हणून तीन दिवस. विणकाम संपायला हवं 30 जुलैला. ब्लँकेटला 24 तास, टोपीला तीन, बूटांना तीन आणि दोऱ्याची टोकं ओवायला तीन, असे 33 तास. रोज तीन तासांनी 11 दिवस, म्हणजे सुरुवात 20 जुलैला. दोरा मागवायला पाच दिवस धरले तर रंग आणि निम्मी रक्कम 14 जुलैला ठरलेली हवी. 14 जुलै ते 8 ऑगस्ट, 25 दिवस. तेही हातात दुसरी ऑर्डर नसेल तर. 15 मध्ये बसवायला वाळवण्यावर घाई होते, आणि दमट ब्लँकेट प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद झालं की उघडताना कुबट वास येतो.

या हिशेबातून दोन गोष्टी बदलल्या. बरीच घरं बाळ येण्याआधी बाळाची वस्तू घरात आणत नाहीत. तिथे 'सेट तयार करून आमच्याकडे ठेवू, बाळ झाल्याचा निरोप आला की त्याच दिवशी पाठवू' ही ओळ फार उपयोगी पडली. तिच्यामुळे डोहाळजेवणाच्या सुमारासच ऑर्डरी येऊ लागल्या, आणि आठ महिन्यांत सर्वांत कामाची ठरलेली ओळ हीच. दुसरा बदल नावाचा. 'नाव विणून मिळेल' हे बारशाच्या भेटीला लागूच पडत नाही, कारण नाव बारशालाच ठरतं, आणि आत्याच्या तोंडून येईपर्यंत ते गुपितच असतं. त्याऐवजी नावाची वेगळी विणलेली पट्टी बारशानंतर पाठवून ब्लँकेटच्या कोपऱ्याला टाके घालून जोडता येते.

मापाचं थोडक्यात. जन्मतः डोक्याचा घेर 34-35 सेंटीमीटर असतो, तीन महिन्यांत सुमारे 40 होतो. नवजात मापाची टोपी बारशाच्या फोटोपुरती उरते. गिऱ्हाईकाने न सांगताही 3 ते 6 महिन्यांचं माप विणावं, आणि तसं लिहावं.

'हाताने धुवा' या दोन शब्दांनी सर्वांत जास्त नुकसान केलं. माणसं हाताने धुतात, पिळतात आणि दोरीवर टांगतात. अर्धा किलोचं सुती ब्लँकेट पाण्याने जड होतं, स्वतःच्या वजनाने लांब ओढलं जातं आणि खांबांची जाळी तिरकी होते. लिहायचं ते असं: कोमट पाणी, सौम्य साबण, न पिळता टॉवेलमध्ये गुंडाळून दाबणं आणि सपाट पसरून वाळवणं. जाळीच्या पिशवीत घालून मशीनच्या हलक्या चक्रावर धुतलं तरी चालतं. बाळाच्या घरात रोज हाताने धुणं कोण करणार? इस्त्रीबद्दल लेबल पाहावं. मिल्क कॉटन नावाने मिळणाऱ्या बऱ्याच दोऱ्यांत अॅक्रिलिक असतं. गरम इस्त्री लागली की ते लिबलिबीत होतं आणि पुन्हा पहिल्यासारखं होत नाही.

दोन सूचना कपड्यासाठी नाहीत, बाळासाठी आहेत. सेट ठेवून देताना डांबरगोळ्या घालू नयेत. काही बाळांमध्ये G6PD नावाचं द्रव्य जन्मतः कमी असतं, आणि या गोळ्यांतल्या नॅप्थलीनच्या वासाने त्यांच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटून कावीळ वाढू शकते. बाळंतविडा महिनोन्महिने कपाटात राहतो, म्हणून हे ठळक लिहावं. आणि एक वर्षाखालच्या बाळाला झोपवताना ब्लँकेट अंगावर सैल टाकू नये, टोपी घालून झोपवू नये. सेट मांडीवर, बाबागाडीत आणि जागेपणी वापरायचा.

जानेवारीअखेर कॅप्शन अशी झाली:

"बारशासाठी क्रोशे सेट: ब्लँकेट 75×90 सेंमी, टोपी व बूट 3 ते 6 महिने. रंग: मोतिया, लिंबू, पिस्ता, आकाशी, अबोली, फिकट राखाडी (शेड नंबर फोटोवर). रंग, माप आणि निम्मी रक्कम ठरल्यापासून 25 दिवस, काळ्यासाठी 30. माप नंतर वाढवता येत नाही. सेट आमच्याकडे ठेवू, बाळ झाल्याचा निरोप आला की त्याच दिवशी पाठवू. नावाची पट्टी बारशानंतर. मणी, बटणं, गोंडे लावत नाही. कोमट पाणी, पिळू नका, टांगू नका, सपाट वाळवा. डांबरगोळ्या नकोत. झोपेत वापरू नका."

पहिल्या ओळीत 'बारसं' हा शब्द मुद्दाम आहे. इंस्टाग्रामवर कॅप्शन 2,200 अक्षरांपर्यंत चालते, पण 'more' न दाबता सुरुवातीचा थोडाच मजकूर दिसतो.

एक उणीव कॅप्शन कितीही सुधारली तरी राहते. ऑर्डर मावशी देते आणि ब्लँकेट धुते बाळाची आई, जिने ही पोस्ट पाहिलेलीच नसते. म्हणून शेवटच्या सहा सूचना तळहाताएवढ्या कार्डावर छापून पार्सलमध्ये जातात. कार्डाला त्याच लॉटचा पाच मीटर दोरा गुंडाळलेला असतो आणि मागे शेड नंबर असतो. वर्षभराने एखादा खांब उसवला तर दुरुस्तीला तेवढा पुरतो.