फॅन्सी अक्षरे की ग्लिच: मूळ मजकूर कशातून परत मिळतो?

`𝓡𝓪𝓶` मधली अक्षरे युनिकोडने गणितासाठी दिलेली स्वतंत्र चिन्हे आहेत. मजकूर `NFKC` या युनिकोडच्या प्रमाणीकरणातून काढला की साधे `Ram` मिळते. शोधासाठी मला हीच शैली बरी वाटते.

`R̷a̷m̷` अशा ग्लिच मजकुरात मूळ अक्षरे तशीच असतात, त्यांवर जोडचिन्हे चढवलेली असतात. `NFKC` ती काढत नाही. त्यासाठी आधी अक्षर आणि चिन्ह वेगळे करणारे `NFD` करून `U+0300` ते `U+036F` एवढीच चिन्हे गाळावीत. अनेक जण `Mn` हा जागा न घेणाऱ्या जोडचिन्हांचा अख्खा वर्गच उडवतात आणि मराठीची वाट लागते, कारण उकार, अनुस्वार, हलन्त त्याच वर्गात येतात. ‘सुंदर’चे थेट ‘सदर’ होते! काना आणि वेलांटी मात्र जागा घेणाऱ्या चिन्हांच्या `Mc` वर्गात असल्याने वाचतात, त्यामुळे बिघाड पटकन लक्षात येत नाही.