पूर्ण टेबल की एकच ओळ? एकांचा सर्वांत मोठा चौरस शोधताना

० आणि १ च्या मॅट्रिक्समधला एकांचा सर्वांत मोठा चौरस शोधायचा, तर सूत्राबद्दल फारसा वाद उरलेला नाही. घरात १ असेल तर वरचा, डावा आणि वर-डावीकडचा तिरका अशा तीन शेजाऱ्यांपैकी सर्वांत लहान आकडा घ्यायचा आणि त्यात १ मिळवायचा. घरात ० असेल तर ०. आलेला आकडा म्हणजे ज्याचा उजवा-खालचा कोपरा त्या घरात आहे, अशा सर्वांत मोठ्या चौरसाची बाजू. प्रश्न उरतो तो एवढाच, की हे आकडे ठेवायचे कुठे? मॅट्रिक्सएवढं पूर्ण टेबल करायचं, की एकाच ओळीवर लिहीत-पुसत खाली यायचं?

मी दोन्ही वापरली आहेत. एका ओळीची पद्धत आधी, तीही बरेच महिने. `n` म्हणजे स्तंभांची संख्या, `dp` म्हणजे सुरुवातीला n + 1 शून्यांची यादी आणि `best` सुरुवातीला ० धरला, तर तिचा गाभा असा:

```python
for row in grid:
    prev = 0
    for j in range(1, n + 1):
        temp = dp[j]
        if row[j - 1] == 1:
            dp[j] = 1 + min(dp[j], dp[j - 1], prev)
            best = max(best, dp[j])
        else:
            dp[j] = 0
        prev = temp
```

पूर्ण टेबलात तेच आकडे एवढ्यातच निघतात, कारण तिन्ही शेजारी आपापल्या जागी शाबूत असतात:

```python
if grid[i - 1][j - 1] == 1:
    dp[i][j] = 1 + min(dp[i - 1][j], dp[i][j - 1], dp[i - 1][j - 1])
```

वरच्या कोडमध्ये `dp[j]` या एकाच घराला दोन कामं आहेत. लिहिण्याआधी तो वरचा शेजारी असतो, लिहिल्यावर पुढच्या घराचा डावा शेजारी होतो. तिरका शेजारी तर लिहिताच पुसला जातो, म्हणून त्याला `prev` मध्ये जपून ठेवावं लागतं. एवढं लक्षात आलं की पद्धत सुंदरच वाटते आणि मलाही ती आवडली होती. माझं मन बदललं ते त्या `else` मुळे.

पूर्ण टेबल सुरुवातीला शून्यांनी भरलेलं असतं. घरात ० असेल तर काहीच करायचं नसतं, टेबलात शून्य आधीच बसलेलं आहे. एका ओळीत मात्र त्या जागी वरच्या ओळीचा जुना आकडा असतो. तो स्वतःहून पुसला नाही तर तसाच राहतो आणि उजवीकडच्या घराला खोटा डावा शेजारी मिळतो. मी टेबलाचा कोड ओळीत उतरवला तेव्हा नेमकं हेच निसटलं, कारण मूळ कोडमध्ये `else` नव्हताच.

चूक लगेच का सापडली नाही, हे सांगण्यासारखं आहे. मी लीटकोडवरच्या २२१ क्रमांकाच्या प्रश्नाचं पहिलं उदाहरण चालवून पाहिलं होतं:

```
1 0 1 0 0
1 0 1 1 1
1 1 1 1 1
1 0 0 1 0
```

बरोबर उत्तर क्षेत्रफळ ४, म्हणजे बाजू २. `else` नसलेला कोडही ४ च देतो. हाताने करून पाहा: तिसऱ्या ओळीनंतर `dp` मध्ये 1 1 1 2 2 असतं, इथपर्यंत सगळं ठीक. चौथ्या ओळीत दुसऱ्या आणि तिसऱ्या घरात ० आहे, पण तिथे जुने १ तसेच राहतात. मग चौथ्या घराला वरून २, डावीकडून शिळा १ आणि तिरका १ मिळतो आणि तिथे २ लिहिला जातो. खरं उत्तर १ आहे. पण सर्वांत मोठा आकडा आधीच २ झालेला असल्यामुळे ही चूक बाहेर दिसत नाही. पुढे ती दिसली ती एका गोदामाच्या नकाशावर. मोकळ्या जागेचा सर्वांत मोठा चौरस म्हणून आलेली आकृती छापली, तर तिच्या खालच्या ओळीत चक्क एक खांब उभा होता.

तेव्हापासून मी चाचणीसाठी दोन बाय दोनची दोन मॅट्रिक्स ठेवतो. पहिलं असं: वरच्या ओळीत 1 1, खालच्या ओळीत 0 1. शिळा आकडा राहत असेल तर याचं क्षेत्रफळ ४ येतं, आणि मॅट्रिक्समध्ये एक आहेत तीनच! दुसरं उलट: वर 0 1, खाली 1 1. इथे वरचा आणि डावा दोन्ही १ आहेत, अडवणारा आहे तो फक्त तिरका शेजारी. त्यामुळे `prev` विसरलात तर ते इथे कळतं. गंमत म्हणजे अगदी सुरुवातीला एकदा `prev = 0` केलं आणि पुढे प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला ते विसरलात, तरी चालतं. `dp[0]` कायम ० असल्याने पहिल्या घरासाठी तिघांतला सर्वांत लहान आकडा ० च येतो आणि पुढच्या घरासाठी `prev` नव्याने भरला जातो. म्हणजे ज्याची भीती वाटते ती जागा सुरक्षित आणि जिच्याकडे लक्ष जात नाही ती धोक्याची.

टेबलाच्या बाजूनेही एक खड्डा आहे, तो लपवत नाही. पायथनमध्ये `[[0] * (n + 1)] * (m + 1)` लिहिलं तर सगळ्या ओळी म्हणजे एकच ओळ असते, आणि तीही `prev` शिवायची. पण ही चूक टेबल छापताच डोळ्यांना दिसते, सगळ्या ओळी सारख्या असतात. मला टेबल जवळचं वाटतं ते याच कारणाने. उत्तर संशयास्पद आलं की टेबल छापायचं, मोठा आकडा शोधायचा आणि तिथून वर-डावीकडे बघत यायचं. एका ओळीत शेवटी हातात उरते ती फक्त शेवटची ओळ.

मेमरीचं म्हणाल, तर २२१ मध्ये मॅट्रिक्स जास्तीत जास्त ३०० बाय ३००, म्हणजे ९०,००० घरं. तेवढ्यासाठी एकच ओळ ठेवून मला कधी फरक जाणवला नाही. तुमच्याकडे वेगळा अनुभव असू शकेल. १०,००० बाय १०,००० च्या नकाशावर मात्र टेबलाची १० कोटी घरं होतात आणि चार बाइटचा आकडा धरला तरी ४०० एमबी लागतात. तिथे टेबलाचा हट्ट धरण्यात अर्थ नाही.

पण तिथेही मी एका ओळीकडे परत जात नाही, दोन ओळी ठेवतो: वरची `up`, चालू `cur`. तिरका शेजारी `up[j - 1]` मध्ये सुरक्षित राहतो, `prev` आणि `temp` ची गरजच पडत नाही. अट एकच, `cur` प्रत्येक ओळीला `[0] * (n + 1)` असा नवा करायचा. दोन याद्यांची नुसती अदलाबदल करून जुनीच वापरली, तर दोन ओळींपूर्वीचे शिळे आकडे परत येतात आणि तोच खांब पुन्हा चौरसात उभा राहतो. नवी ओळ करायला थोडा वेळ जात असेलही, पण दहा हजार घरांच्या ओळीसाठी मला तो कधी बोचला नाही.

एका ओळीचा कोड तुमच्याकडे आधीच नीट चालत असेल, तर तो मोडून टेबल करा असं मी म्हणणार नाही. ती दोन छोटी मॅट्रिक्स तेवढी त्यावर चालवून बघा. दोन्हींचं उत्तर १ यायला हवं.