ज्येष्ठमध पावडर, एक किलोचा पॅक: सहा महिन्यांनंतर (आधीचे पाच तारे मागे घेते आहे)

जुलैत नौपाड्यातल्या एका दुकानातून घेतली. शंभर ग्रॅमच्या डबीपेक्षा किलोचा पॅक ग्रॅममागे जवळजवळ निम्म्यात पडत होता, म्हणून किलोच उचलला. मी घरी शिकवण्या घेते, संध्याकाळपर्यंत घसा पार बसतो. सकाळ-संध्याकाळ चहात एक-एक सपाट चमचा टाकायला लागले आणि आठवड्यात आवाज मोकळा झाला. ऑगस्टमध्ये मी पाच तारे दिले होते. पावडर अस्सल आहे, हे आजही म्हणते. तक्रार तिथूनच सुरू होते.

सप्टेंबरात डोकं दुखायला लागलं, संध्याकाळी घोट्यांवर मोज्यांचे वळ उमटायला लागले. बीपी १६८/१०२. त्याआधी आयुष्यात कधी १३०च्या वर गेलं नव्हतं. फॅमिली डॉक्टरांनी बीपीची गोळी दिली, तिच्यात लघवी वाढवणारं औषधही होतं. तीन आठवड्यांनी ठाणे स्टेशनचा पूल चढताना मांड्या अशा ढिल्या पडल्या की कठडा धरून उभी राहिले. रात्री पोटऱ्यांत गोळे. रक्तात पोटॅशियम २.६ निघालं, ते ३.५च्या वर लागतं. हृदयाच्या ठोक्यांवर लक्ष ठेवायला एक रात्र दवाखान्यात काढली.

तिथल्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "आणखी काही औषध घेता?" मी म्हटलं, नाही. ज्येष्ठमध काय औषध आहे का? चहात टाकतो आपण.

लघवीत पोटॅशियम भरपूर जात होतं. म्हणजे आहारात कमी पडत नव्हतं, मूत्रपिंडच ते बाहेर टाकत होतं. मीठ धरून ठेवणारं आणि पोटॅशियम बाहेर काढणारं संप्रेरक म्हणजे अल्डोस्टेरॉन. ते वाढलं असणार असं वाटून तपासलं, तर तळाला! त्याला कामाला लावणारं रेनिनही तळाला. काम जोरात चाललंय आणि कामगार जागेवर नाही. मग बाईंनी प्रश्न बदलला, "चहात काय काय टाकता?"

त्यांनी समजावलं ते असं. मूत्रपिंडात अल्डोस्टेरॉनसाठी एक कुलूप असतं. कॉर्टिसॉल हे आपलं रोजचं संप्रेरकही त्या कुलपाला तितकंच बसतं, आणि रक्तात ते अल्डोस्टेरॉनच्या शेकडो पट असतं. तरी रोज घोटाळा होत नाही, कारण दारात एक एन्झाइम वॉचमनसारखं उभं असतं. आलेल्या कॉर्टिसॉलचं ते कॉर्टिसोन करून टाकतं, आणि कॉर्टिसोन कुलपाला बसत नाही. ज्येष्ठमधातल्या ग्लायसिरायझिनचं आतड्यात जे रूप होतं, ते या वॉचमनलाच झोपवतं. मग कॉर्टिसॉल सरळ आत शिरतं, मीठ-पाणी साचतं, बीपी चढतं, पोटॅशियम लघवीवाटे जातं. शरीराला वाटतं मीठ भरपूर आहे, म्हणून ते रेनिन आणि अल्डोस्टेरॉन दोन्ही बंद करतं. त्यात माझी लघवीची गोळी पोटॅशियम आणखी काढत होती.

आता हिशोब. माझा सपाट चमचा स्वयंपाकघरातल्या काट्यावर तीन ग्रॅम भरतो, दोनाचे सहा. ज्येष्ठमधाच्या मुळीत ग्लायसिरायझिन कमीजास्त असतं; चार टक्के धरले तरी दिवसाला २४० मिलिग्रॅम. युरोपात नेहमीच्या सेवनासाठी सांगितलेली मर्यादा १०० मिलिग्रॅम. आणि माझ्या पॅकवर काय छापलंय? "आवश्यकतेनुसार घ्यावे." कोणाच्या आवश्यकतेनुसार? घशाच्या की मूत्रपिंडाच्या? दोन शब्दांची शाई वाचवली यांनी. माझ्या तपासण्यांच्या बिलात असे चार पॅक आले असते.

अपडेट, नोव्हेंबर: पावडर बंद, ती गोळी बंद, पोटॅशियमचं सिरप सुरू (चव: खारट साबण). बाराव्या दिवशी पोटॅशियम ३.९. बीपीला मात्र घाई नव्हती, १३२/८४ वर यायला सहा आठवडे लागले.

बाईंनी एक गोष्ट राखून ठेवली होती. पावडर सोडूनही सुधारलं नसतं, तर त्या एन्झाइमचाच जन्मजात दोष शोधणार होत्या. आई-वडील दोघांकडून बिघडलेलं जनुक आलं तर ज्येष्ठमधाला हातही न लावता हेच सगळं होतं, तेही बहुधा लहानपणीच: जन्मतः वजन कमी, कोवळ्या वयात बीपी, पोटॅशियम खाली. तिथे सोडायला काहीच नसतं, ते कुलूप अडवणारी स्पायरोनोलॅक्टोनसारखी गोळी कायम घ्यावी लागते. माझं सोडल्यावर सुटलं.

अपडेट, जानेवारी: रेनिन हळूहळू वर येतंय. उरलेली २८० ग्रॅम परत करायला गेले, तर फोडलेला पॅक घेत नाहीत म्हणे. ग्लायसिरायझिन काढलेला ज्येष्ठमधही मिळतो, भाव ऐकून दुकानातूनच मागे फिरले. सध्या मीठ-पाण्याच्या गुळण्या करते, आणि थुंकते. घसा साडेसातपर्यंत टिकतो, शेवटची बॅच कुजबुजत घेते.

पाचातला एक तारा ठेवते, झिपलॉक चांगलं आहे.