चवथीनंतरचा निरोप: एकच पाठवावा की दोन?

चवथीच्या नेवऱ्या-लाडवांच्या ऑर्डरी संपल्या की गिऱ्हाइकाकडून अभिप्राय हवा असतो आणि दिवाळीपर्यंतच्या मंदीत थोडी विक्रीही हवी असते. दोन्ही एकाच व्हॉट्सअ‍ॅप निरोपात मागावं की वेगवेगळं? म्हापशात घरून फराळ विकताना मी दोन्ही करून पाहिलंय.

एकत्र निरोप साधारण असा: "नेवऱ्या आवडल्या? गूगलवर अभिप्राय द्या, पुढच्या ऑर्डरवर १० टक्के सूट मिळवा." काम एकदाच उरकतं आणि उत्तरंही भराभर येतात. पण ती येतात स्क्रीनशॉटच्या रूपात: "पाच स्टार दिले, सूट कधी?" अभिप्रायात मात्र नुसतं "छान". सारण कोरडं पडलं का, पारी तेलकट झाली का, हे ना मला कळतं ना नव्या गिऱ्हाइकाला. सवलतीच्या बदल्यात अभिप्राय घेणं गूगलच्या नियमात बसतही नाही, असे अभिप्राय काढले जाऊ शकतात. तरी मला नियमापेक्षा ती स्क्रीनशॉटची देवघेवच जास्त टोचली. वर्षानुवर्षं नेवऱ्या नेणाऱ्या काकूंशी सवलतीचा हिशेब करत बसणं नकोसं झालं.

दोन निरोपांत पहिला फक्त विचारपूस करतो. इथे एक गोष्ट सांभाळावी लागते. गोव्यात कुणाचा गणपती दीड दिवसाचा, कुणाचा पाच, सात, नऊ किंवा अकरा. सगळ्यांना एकाच दिवशी निरोप गेला तर कुणाच्या घरी अजून आरती चालू असते. म्हणून ऑर्डर घेतानाच वहीत दिवस लिहून ठेवतो आणि विसर्जनानंतर दोनेक दिवसांनी पाठवतो: "काकू, चवथ बरी झाली ना? यंदा सारणात गूळ थोडा कमी घातला होता, कसं वाटलं? कमी-जास्त काही असेल तर तेही लिंकवर लिहा." नेमका प्रश्न विचारला की उत्तरही नेमकं येतं, असा माझा अनुभव.

दुसरा निरोप पितृपक्षात नको, तेव्हा बरीच घरं नवी खरेदी टाळतात. घटस्थापनेच्या सुमारास जातो: "सणाची नव्हे, चहाबरोबरची पाव किलो शंकरपाळी, शुक्रवारी ताजी. चवथीच्या गिऱ्हाइकांना घरपोच फुकट." अभिप्राय दिला असो वा नसो, सवलत सगळ्यांना सारखीच.

मेहनत दुप्पट पडते, हे खरं. शिवाय ब्रॉडकास्ट यादीतला निरोप तुमचा नंबर सेव्ह केलेल्यांनाच पोचतो, त्यामुळे डबा देतानाच नंबर सेव्ह करायला सांगावं लागतं. गिऱ्हाईक बहुतेक पर्यटक असेल, पुन्हा येण्याची शक्यता कमी असेल, तर एकच निरोप कदाचित पुरेल. पण त्यातही सूट न ठेवता फक्त अभिप्रायच मागावा, असं मला वाटतं.